साताचे दोन करताना

1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या जॅकी जॉयनर-कर्सीने हेप्टाथलॉनमध्ये 7291 गुण मिळवले. तो जागतिक विक्रम अजूनही मोडलेला नाही. त्याच स्पर्धेत पापुआ न्यू गिनीची लाउना 4566 गुणांवर राहिली. अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक, 200 मीटर धावणे, लांब उडी, भालाफेक आणि 800 मीटर असे सात प्रकार दोन दिवसांत पार पाडायचे असतात आणि या दोघींमधलं अंतर बहुतेक ठिकाणी प्रचंड होतं. जॅकीने अडथळे 12.69 सेकंदांत ओलांडले, लाउनाला 16.42 सेकंद लागले. लांब उडीत 7.27 मीटरसमोर 4.88. भाला मात्र लाउनाने 46.38 मीटर फेकला आणि विश्वविक्रमी जॅकीने 45.66.

या स्पर्धेतल्या 25 खेळाडूंचे आकडे आज सांख्यिकीच्या वर्गांत हमखास वापरले जातात. प्रश्न असा असतो, की खरोखर सात वेगवेगळी कौशल्यं इथे मोजली जातायत, की दोन-तीनच गोष्टी सात वेशांत समोर येतायत? ज्या तंत्राने हे शोधतात त्याचं नाव प्रिन्सिपल कंपोनंट अॅनालिसिस, थोडक्यात पीसीए. कार्ल पिअर्सनने 1901 मध्ये त्याची भूमिती मांडली आणि हॅरल्ड हॉटेलिंगने 1933 मध्ये त्याला आजचं रूप दिलं. क्रिकेट, फुटबॉल, बास्केटबॉलमध्ये एकेका खेळाडूमागे डझनावारी आकडे जमा होऊ लागल्यावर विश्लेषकांना हे जुनं हत्यार पुन्हा हाताशी लागलं.

पहिलं काम अगदी साधं. धावण्यात कमी आकडा चांगला, उड्या-फेकींत जास्त चांगला. म्हणून वेळेचे आकडे उलटवून घेतात, म्हणजे सगळीकडे ‘मोठा तो चांगला’ होतं. दुसरं काम टाळलं तर मात्र सगळंच फसतं. 800 मीटरच्या वेळांत खेळाडूंमध्ये कित्येक सेकंदांचा फरक असतो, उंच उडीत मात्र काही सेंटिमीटरचाच, म्हणजे मीटरच्या हिशेबात शून्याच्या जवळ. आकडे तसेच दिले तर गणित 800 मीटर आणि भालाफेकीकडेच बघत बसेल आणि उंच उडीची दखलही घेणार नाही. म्हणून प्रत्येक प्रकारात सरासरी शून्य आणि फरकाचं माप एक, असं करून सगळ्यांना एका पातळीवर आणतात.

मग या 25 खेळाडूंचा एक ठिपक्यांचा पुंजका कल्पावा, सात दिशांना पसरलेला. पीसीए त्यात अशी एक दिशा शोधतं, जिच्यावर हे ठिपके सर्वात लांबवर विखुरलेले दिसतील. तो पहिला अक्ष. त्याला काटकोनात, उरलेल्या पसाऱ्यातली सर्वात लांब दिशा हा दुसरा अक्ष. आणि असंच पुढे. सातही प्रकारांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता तर प्रत्येक अक्षाच्या वाट्याला सुमारे 14 टक्के फरक आला असता. इथे पहिल्याच अक्षाने 64 टक्के खाल्ले आणि पहिल्या दोघांनी मिळून 81. सातांतले पाच अक्ष बाजूला ठेवले तरी पाचांतला एकच हिस्सा गमवावा लागतो.

पण अक्ष म्हणजे कौशल्य नव्हे. गणित फक्त वजनं देतं, त्यांना नाव माणसाने द्यायचं. पहिल्या अक्षात लांब उडी आणि अडथळ्यांना सुमारे 0.45, 200 मीटरला 0.41, उंच उडी, 800 मीटर आणि गोळाफेकीला 0.36 ते 0.38 असं वजन मिळालं. सगळ्यांची दिशा एकच, म्हणजे हा अक्ष एकूण ताकदीचा आणि वेगाचा. त्यावर जॅकी एका टोकाला आणि लाउना थेट दुसऱ्या टोकाला. या अक्षावरची जागा आणि अधिकृत गुण यांचा सहसंबंध 0.99 निघतो, हे विशेष, कारण पीसीएला गुण दाखवलेलेच नव्हते.

भालाफेकीचं वजन मात्र जेमतेम 0.08. तिने दुसरा अक्ष जवळजवळ एकटीने व्यापला, वजन 0.84. अडथळ्यांशी तिचा सहसंबंध 0.01, म्हणजे नसल्यातच जमा. यावरून कुणीही उत्साहाने लिहून टाकेल, की हेप्टाथलॉनमध्ये दोन कौशल्यं आहेत: एक शरीराचा वेग आणि दुसरं स्वतंत्र ‘हाताचं’ कौशल्य. ऐकायला पटतं. गोष्टही छान जमते.

आता लाउनाची एक ओळ काढून टाकायची आणि तेच गणित पुन्हा करायचं. अडथळे आणि भालाफेक यांचा सहसंबंध 0.01 वरून 0.33 वर जातो. पहिल्या अक्षातलं भालाफेकीचं वजन 0.08 वरून 0.24 होतं. दोन अक्षांचा मिळून हिस्सा 81 वरून 75 टक्क्यांवर येतो. बाकी सगळ्याजणी 15 सेकंदांच्या आत अडथळे ओलांडतात, तिथे एकटी 16.42 घेते आणि भाला मात्र विजेतीपेक्षा लांब टाकते. असा एक ठिपका अख्ख्या पुंजक्याचा कल फिरवतो. पीसीए फरकाच्या वर्गावर चालतं, म्हणून दूरचा माणूस त्यात फार ओढ लावतो. भालाफेक इतरांपेक्षा वेगळी आहे हे खरंच, पण पहिल्या गणिताने सांगितली तितकी परकी ती नाही. लाउनाला वगळणं योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पाहणं मात्र आवश्यक आहे.

क्रिकेटमध्ये सापळा थोडा निराळा असतो. फलंदाजांच्या एकूण धावा, खेळलेले चेंडू, चौकार, अर्धशतकं एकत्र टाकली की पहिला अक्ष बहुधा ‘कोण किती वेळ खेळला’ एवढंच सांगतो. सलामीवीर वर, सातव्या क्रमांकावर येणारा खाली. ती कौशल्याची नव्हे, संधीची मोजदाद झाली. म्हणून आधी दर शंभर चेंडूंमागचे आकडे काढून घेतात. 2012 च्या आयपीएलमध्ये ख्रिस गेल 456 चेंडू खेळला आणि अजिंक्य रहाणे 433, म्हणजे संधी जवळपास सारखी. पण शंभर चेंडूंमागे गेलचे षटकार सुमारे 13 आणि रहाणेचे 2. चौकार गेलचे 10 आणि रहाणेचे 17. असे आकडे घातले, की धावांच्या गतीपलीकडे ‘जमिनीवरून की हवेतून’ ही दिशा वेगळी दिसण्याची शक्यता वाढते. संघ निवडणाऱ्याच्या कामाची तीच.

किती अक्ष ठेवायचे, याला पक्का नियम नाही. एक ढोबळ नियम असा, की ज्याचा वाटा सरासरी एका मोजमापापेक्षा कमी, तो सोडून द्यावा. सोलच्या आकड्यांत लाउनासह दुसरा अक्ष 17 टक्क्यांवर कसाबसा त्या 14 टक्क्यांच्या रेषेवर राहतो. ती वगळली की 13 टक्क्यांवर येऊन रेषेखाली घसरतो. म्हणजे दुसरं कौशल्य ‘आहे’ की ‘नाही’, हेसुद्धा इथे एका खेळाडूवर ठरलं.

हे पडताळायला फारसं काही लागत नाही. मोफत मिळणाऱ्या R मध्ये हे आकडे तयार आहेत. शेवटची, पंचविसावी ओळ लाउनाची आणि आठवा रकाना गुणांचा. HSAUR2 हे पॅकेज एकदा बसवून घ्यावं आणि खालच्या शेवटच्या दोन ओळींची उत्तरं स्वतः ताडून पाहावीत.

```
library(HSAUR2)
data("heptathlon")
summary(prcomp(heptathlon[, -8], scale. = TRUE))
summary(prcomp(heptathlon[-25, -8], scale. = TRUE))
```