मुलाखत बिघडल्यावरचा ईमेल

मुलाखतीत बेशिस्त किंवा अपमानास्पद वागणूक मिळाली, पण नोकरी नाकारायची की नाही हे अजून ठरलेले नाही, अशा वेळी उमेदवार एचआरला एक छोटा ईमेल पाठवू शकतो. ही तक्रार नसते आणि नकारही नसतो. पुढे जायचे की नाही हे ठरवण्यासाठी हवी असलेली माहिती त्यातून मागायची असते.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी एका उमेदवार महिलेला अकराची वेळ दिली होती. मुलाखत सुरू झाली सव्वाबाराला. दोघांपैकी एकाने बायोडेटा तिच्यासमोरच पहिल्यांदा उघडला, जीएसटीवरच्या तिच्या उत्तराच्या मधेच फोन घेतला आणि शेवटी विचारले, ‘लग्नाचं काय ठरलंय?’

या गोष्टी एका मापाच्या नाहीत. उशीर महिनाअखेरच्या घाईमुळेही झाला असेल. लग्नाच्या प्रश्नाला मात्र घाईची सबब चालत नाही. म्हणून ईमेलमध्ये उशीर एका वाक्यात उरकावा आणि भर त्या प्रश्नावर ठेवावा. सगळेच गाऱ्हाणे मांडले, तर उत्तर नेमके उशिराबद्दलच्या दिलगिरीचे येते, कारण ते देणे सोपे असते.

मसुदा त्याच दिवशी, तपशील ताजे असताना लिहावा. पाठवावा दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा वाचून. तो मुलाखत ठरवणाऱ्या एचआरच्या व्यक्तीलाच जावा. पॅनेलला सीसी केले की ते लगेच बचावाला उभे राहतात. मजकूर साधारण असा:

‘कालच्या मुलाखतीसाठी आभार. ठरल्या वेळेपेक्षा ती सव्वा तास उशिरा सुरू झाली. शेवटी मला लग्नाबद्दल विचारण्यात आले. त्याचा या कामाशी संबंध मला कळला नाही. ही जागा कोणाच्या हाताखाली आहे आणि असे प्रश्न निवडीत धरले जातात का, हे कळवावे. पुढची फेरी त्यानंतर ठरवू. शुक्रवारपर्यंत उत्तर मिळाल्यास बरे होईल.’

‘अपमान’, ‘अव्यावसायिक’ हे शब्द यात नाहीत. विशेषणावर वाद घालता येतो, घडलेल्या गोष्टीवर तितका नाही.

उत्तरात प्रश्न विचारणाराच वरिष्ठ असणार का हे स्पष्ट सांगितले असेल, तर ठरवायला आधार मिळतो. नुसते ‘फीडबॅकबद्दल धन्यवाद’ आणि पुढच्या फेरीची लिंक आली, तर प्रश्न टाळला गेला असे धरायला हरकत नाही. ईमेलनंतर निवडच थांबण्याचा धोकाही असतो. नोकरीची निकड असलेल्याने तो आधीच तोलावा. पुढच्या फेरीत तोंडी विचारणे हाही मार्ग आहे.

लैंगिक शेरेबाजी किंवा स्पर्श झाला असेल, तर असा ईमेल पुरेसा नाही. 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात पीडित महिला त्या ठिकाणी नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. त्यामुळे उमेदवार महिलाही कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करू शकते. त्यासाठी घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. सबळ कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते.