सदाचा आंबा आणि अक्षय्य तृतीयेचा भाव

अक्षय्य तृतीयेला पितरांना आंब्याचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आंबा तोंडाला लावायचा नाही, असं पाळणारी घरं महाराष्ट्रात आजही पुष्कळ आहेत. त्यामुळे एरवी महिनाभर पसरली असती ती गिऱ्हाइकं दोन-तीन दिवसांत एकदम बाजारात उतरतात. नेमका त्याच वेळी आंबा कमी आला, तर भाव चढतो. तो का चढतो हे मुलांना गोष्टीतून जास्त चांगलं कळतं, म्हणून ही गोष्ट. यातला सदा कल्पनेतला आहे आणि हिशेब तोंडी करता यावा म्हणून रकमा मी गोल धरल्या आहेत. बाजाराची रीत मात्र खरी आहे.

सदा पुण्यातल्या एका पेठेत पदपथावर फळं विकायचा. गाडी मामाची. यंदा मामाचे गुडघे दुखायला लागले म्हणून ऐन आंब्याच्या दिवसांत ती सदाच्या हातात आली. सोमवारी पहाटे तो मार्केट यार्डात गेला आणि हापूसच्या तयार आंब्याच्या, पाच-पाच डझनांच्या पेट्या घेऊन आला. पेटीला अडीच हजार, म्हणजे डझनाला पाचशे रुपये पडले. तो सहाशेनं विकायला बसला. डझनामागे शंभर सुटत होते आणि त्यातूनच टेम्पोभाडं, डागी फळ आणि घरखर्च भागायचा. मंगळवारी रात्री त्याच्याकडे वीस डझन शिल्लक होते. अक्षय्य तृतीया शुक्रवारी होती.

बुधवारी सकाळी एक माणूस आला, त्यानं भाव विचारला आणि जराही घासाघीस न करता म्हणाला, “पंधरा डझन बांध.” सदाला आनंद झाला. उरलेले पाच डझनही तासाभरात गेले. नऊच्या सुमाराला रोजच्या आजी आल्या, तर गाडीवर नुसता पेंढा.

“अरे, मला नैवेद्यापुरते दोनच हवे होते. दोन गल्ल्या पलीकडे एक जण नऊशे रुपये डझन सांगतोय.”

सदा बघायला गेला. तिथे त्याचेच आंबे होते. सकाळी पंधरा डझन उचलणारा माणूस ते मांडून बसला होता.

सदाला वाटलं, हा लबाड आहे. सहाशेचा माल नऊशेला विकतो म्हणजे काय! विक्रीचे बारा हजार खिशात घालून तो दुसऱ्या दिवशी पहाटे यार्डात गेला आणि तिथे त्याला खरा धक्का बसला. एरवी पेट्यांच्या थप्प्या लागायच्या तिथे फरशी दिसत होती आणि पेटीचा भाव चार हजारांवर गेला होता. सोमवारच्या भावानं बारा हजारांत चार पेट्या येऊन वर पैसे उरले असते. आज तीनच आल्या. वीस डझन विकून हातात पंधरा डझन. विकताना त्यानं मनात सोमवारची खरेदी धरली होती. गाडी पुन्हा भरायची होती ती मात्र गुरुवारच्या भावानं.

“शेठ, चार दिवसांत असं काय झालं?” त्यानं आडत्याला विचारलं.

“चार दिवसांत काही झालं नाही. जे व्हायचं ते डिसेंबरात झालं,” आडते म्हणाले.

त्यांचं म्हणणं समजायला झाडाकडे जावं लागतं. रत्नागिरी-देवगडकडे हापूसला मोहोर एकदम येत नाही, टप्प्याटप्प्यानं येतो. थंडी वेळेवर पडली तर पहिला मोहोर डिसेंबरच्या आसपास फुटतो. मोहोरापासून काढणीपर्यंत साधारण साडेतीन-चार महिने लागतात, म्हणजे हा आंबा एप्रिलमध्ये हाती येतो. जानेवारीच्या अखेरीचा मोहोर मेच्या मध्यानंतर फळ देतो. पहिल्या मोहोरावर अवकाळी पाऊस झाला किंवा ढगाळ हवा राहिली की तुडतुडे वाढतात, भुरी आणि करपा येतो आणि मोहोर काळा पडून गळतो. कधी झाडावर छोटी फळं धरलेली असतानाच पुन्हा थंडी पडते, नवा मोहोर फुटतो आणि आधीची फळं गळून जातात. दोन्ही प्रकारांत नुकसान होतं ते एप्रिलच्या आंब्याचं. गोष्टीतल्या वर्षी पहिला मोहोर असाच पावसात गेला होता. दुसऱ्या टप्प्याचा आंबा झाडावर होता, पण कोवळा होता.

सण मात्र पंचांगानं येतो. अक्षय्य तृतीया 2023 मध्ये 22 एप्रिलला होती, 2024 मध्ये 10 मेला आणि 2025 मध्ये 30 एप्रिलला. हे दोन-अडीच आठवड्यांचं अंतर आंब्यासाठी फार मोठं आहे. सण मेमध्ये सरकला तर तोवर दुसऱ्या टप्प्याचा थोडा तरी माल उतरू लागतो आणि भाव सैल राहायला वाव मिळतो. सण एप्रिलमध्ये आला आणि पहिला टप्पा गेलेला असला की गिऱ्हाईक पुढे आणि आंबा मागे. झाडाला कितीही पैसे दाखवले तरी ते आठ दिवसांत फळ देत नाही.

आडत्यांनी सदाला एवढंच सांगितलं, “काल यार्डात शंभर पेट्या आल्या आणि घेणारे दोनशे होते. अडीच हजाराला सगळेच तयार होते. मग कोणाला देऊ? कोणी तीन म्हणाला, कोणी साडेतीन. चार हजारांवर शंभरच उरले, तिथे भाव थांबला.”

आडत्यांचं हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. भाव वाटेल तेवढा चढत नाही. जेवढा माल तेवढेच घेणारे उरले की तो थांबतो.

गुरुवारी सदानं नऊशेची पाटी लावली आणि दिवसभर गिऱ्हाइकांकडे नीट पाहिलं. दरवर्षी दोन डझन नेणाऱ्या काकूंनी एकच नेला. एका गृहस्थांनी आमरस पायरीचा करायचा ठरवलं आणि हापूसचे नैवेद्यापुरते चार घेतले. एका तरुणानं भाव ऐकला आणि म्हणाला, “सणानंतर बघू.” कोणी कोणाला अडवलं नाही, तरी प्रत्येकानं आपली गरज आपणच तोलली आणि पंधरा डझन पुष्कळ घरांत गेले. बुधवारी सहाशेच्या भावात तेवढेच पंधरा डझन एका माणसाच्या टोपलीत गेले होते.

आजी आल्या. सदानं चांगली पिकलेली दोन फळं निवडून दिली. पंच्याहत्तर रुपये नग, दीडशे झाले.

“महाग आहे रे,” आजी म्हणाल्या, “पण आहे तरी. काल नव्हतंच.”

इथे एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. भाव आंबा वाटून देतो, पण तो गरज बघत नाही, खिसा बघतो. ज्याच्याकडे दीडशेही नव्हते त्याचा नैवेद्य त्या दिवशी आंब्याविना झाला. भाव चढण्याचं कारण कळलं म्हणून हे दुःख नाहीसं होत नाही.

दुपारी सदाला हाव सुटली. आंबा कमी आहे ना, मग बाराशे सांगू! पाटी बदलली. तासभर माणसं थांबली, भाव वाचला आणि पुढे गेली. समोरच्या गाडीवर साडेनऊशे होता. थोडं पुढे कर्नाटकाचा आंबा बराच स्वस्त होता. कोकणात माल कमी असला आणि इकडे भाव चढला की तिकडच्या गाड्या पुण्याकडे वळतात. सदानं मुकाट्यानं पुन्हा नऊशेची पाटी लावली. माल आपल्याकडे असला तरी भाव आपल्या एकट्याच्या मर्जीचा नसतो, हे त्याला त्या रिकाम्या तासात समजलं.

चढलेला भाव आणखी एक काम करतो, आणि ते घातक आहे. सणाचा भाव गाठायचा म्हणून काही जण कोवळा आंबा उतरवतात. असं फळ वरून पिवळं होतं, पण साल सुरकुतते, गर आंबट राहतो आणि वास येत नाही. पूर्ण भरलेल्या हापूसचे देठाजवळचे खांदे वर आलेले असतात आणि असं फळ पाण्यात टाकलं की तळाला जातं. कोवळं फळ तरंगतं. घरी बादलीत करून बघण्यासारखा हा प्रयोग आहे.

शुक्रवारी दुपारपर्यंत सदाचे तेरा डझन गेले. दोन उरले. शनिवारी नैवेद्याची घाई संपलेली होती, यार्डात गाड्याही थोड्या वाढल्या होत्या. आठशेची खरेदी असलेले ते दोन डझन त्यानं साडेसहाशेनं काढले, कारण पिकलेला हापूस भावासाठी थांबत नाही. मग मामासमोर हिशेब मांडला. तेरा डझनांचे अकरा हजार सातशे, दोन डझनांचे तेराशे, मिळून तेरा हजार. बारा हजारांवर एक हजार सुटला. सहाशेचा भाव होता तेव्हा वीस डझनांवर दोन हजार सुटले होते. भाव दीडपट आणि कमाई निम्मी! चढलेल्या भावातला बराचसा पैसा खरेदीतच गेला होता.

मग तो पैसा बागायतदाराला मिळाला असेल, असं सदा म्हणाला. मामानं मान हलवली. समजा एका बागेतून दरवर्षी या आठवड्यात पन्नास पेट्या निघतात. दोन हजारांनी एक लाख होतात. यंदा वीसच निघाल्या आणि भाव दुप्पट, चार हजार मिळाला, तरी ऐंशी हजारच झाले. फवारणीचा आणि राखणीचा खर्च तेवढाच, उलट मोहोर वाचवायला जादा फवारण्या कराव्या लागल्या. चार हजारांचा भाव ऐकून शहरात सगळ्यांना वाटतं की कोकणात यंदा चांदी आहे. ज्याच्या झाडावर आंबाच नाही त्याला त्या भावाचा काही उपयोग नसतो.

घरात शाळकरी मूल असेल तर येत्या अक्षय्य तृतीयेच्या आधी आठ दिवसांपासून नंतर आठ दिवसांपर्यंत त्याला एकाच गाडीवरचा डझनाचा भाव वहीत लिहायला सांगा. हापूसचा वेगळा, पायरीचा वेगळा आणि कर्नाटकाच्या आंब्याचा वेगळा. शेजारी विक्रेत्याला विचारून त्या दिवशी यार्डात माल जास्त आला की कमी, तेही लिहू द्या.