बँडच्या वरचा आकडा
लेखांक आठवा

पगाराचा बँड कसा ठरतो ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता तो मोडायची वेळ येते तेव्हाची गोष्ट. तीन फेऱ्या पार पडल्या आहेत, माणूस सगळ्यांना पसंत आहे आणि शेवटच्या बैठकीत तो जो आकडा सांगतो, तो मंजूर बँडच्या बराच वर जातो.

चाकण परिसरातली ॲल्युमिनियम डाय कास्टिंगची एक मध्यम कंपनी धरू. समजायला सोपे जावेत म्हणून इथले आकडे सुटसुटीत घेतले आहेत. डाय डिझायनरच्या ग्रेडचा बँड आहे वार्षिक 9 ते 13 लाख. या ग्रेडमध्ये आज चार जण आहेत. दोघे नवे, 9.8 आणि 10.4 लाखांवर. आठ वर्षांचा अनुभव असलेला एक जण 11.2 लाखांवर आणि नऊ वर्षांचा अनुभव असलेली एक जण 12.1 लाखांवर. इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटर हाउसिंगचं नवं काम आलं आहे आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघून रिजेक्शन वाढतं आहे. धातू डायमध्ये कसा वाहील ते संगणकावर आधीच तपासणारा, म्हणजे सिम्युलेशन येणारा माणूस हवा आहे. तो सापडला. अनुभव सात वर्षांचा, सध्याचा पगार 11.4 लाख आणि मागणी 15.5 लाख.

प्लांट हेड म्हणतात, "देऊन टाका. एका महिन्याचं रिजेक्शन कमी झालं तरी पैसे वसूल." हिशेबापुरतं ते खरं असू शकतं. पण त्या हिशेबात आठ वर्षं डाय काढणारा माणूस कुठेच नाही.

त्याला कळणार नाही, असं समजून चालता येत नाही. ऑफर लेटरचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात, जुन्या कंपनीतले मित्र विचारतात आणि नवा माणूस स्वतःच कधीतरी बोलून जातो. कळल्यावर काय होतं, याचा एक चांगला अभ्यास झालेला आहे. कॅलिफोर्नियात सरकारी नोकरांचे पगार एका वृत्तपत्राने संकेतस्थळावर खुले केले होते. डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तीन संकुलांतल्या काही कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवून त्या संकेतस्थळाची माहिती दिली आणि नंतर सगळ्यांना प्रश्न विचारले. 2012 मध्ये निष्कर्ष छापले गेले. आपल्या विभागात, आपल्यासारख्या कामात ज्यांचा पगार मधल्या आकड्याच्या खाली होता, त्यांचं समाधान घटलं आणि नवी नोकरी शोधायचा त्यांचा विचार वाढला. ज्यांचा पगार वर होता त्यांच्यात मात्र काही फरक पडला नाही. म्हणजे एकाला जास्त दिल्याचा आनंद आणि दुसऱ्याला कमी मिळाल्याचं दुःख एकमेकांना फेडत नाहीत. कंपनीच्या वाट्याला फक्त दुःखाची बाजू येते.

म्हणून आकड्यावर घासाघीस सुरू करण्याआधी तो आकडा उघडून पाहावा. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते. एचआर म्हणतं 13, उमेदवार म्हणतो 15, आणि 14 वर हात मिळवले जातात. त्या चौदाला कोणतंही कारण नसतं आणि पुढे कुणी विचारलं तर सांगायलाही काही नसतं.

आपल्या उदाहरणात एचआरच्या मॅडमनी उमेदवाराला साधा प्रश्न विचारला, "साडेपंधरा कसे धरलेत ते सांगाल का? चूक काढायला नाही विचारत, समजून घ्यायला विचारतेय."

तो मोकळेपणाने बोलला. 11.4 लाखांतला 1 लाख वार्षिक बोनस आहे आणि तो मे महिन्यात मिळतो. आत्ता राजीनामा दिला तर तो बुडतो. दुसरं, सध्याच्या कंपनीत त्याला चार वर्षं आणि एक महिना झाला आहे. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग नोकरी लागते. त्याचा मूळ पगार महिना 50 हजार आहे. मूळ पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले 5 वर्षं, असे सुमारे 1 लाख 44 हजार रुपये तो अर्ध्या वाटेवर सोडून येतो आहे. तिसरं, सिम्युलेशन येणारे लोक कमी आहेत आणि बाजारात त्याची किंमत आहे, हे त्याला ठाऊक आहे. उरलेली रक्कम त्याने, त्याच्याच शब्दांत, "तुम्ही कमी करणारच म्हणून" वाढवून सांगितली होती.

आता हा एक आकडा राहिला नाही. त्याचे वेगवेगळे प्रश्न झाले आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

बोनस आणि ग्रॅच्युइटी मिळून सुमारे 2.4 लाखांचं नुकसान आहे, पण ते एकदाच होणारं आहे. ते पगारात भरून दिलं तर कंपनी ते दरवर्षी देत राहते आणि प्रत्येक वाढीत त्यावर टक्के चढतात. शिवाय शेजारच्या टेबलावरच्या माणसाच्या तुलनेतही ते कायमचं बसतं. म्हणून एकदाच होणाऱ्या नुकसानीला एकदाच द्यायचे पैसे, म्हणजे जॉइनिंग बोनस. आतल्या लोकांना हे कळलं तरी समजावून सांगता येतं. त्यांनी असं काही सोडलेलं नाही, याने सोडलं आहे.

जॉइनिंग बोनसमध्ये दोन खाचा आहेत आणि दोन्ही आधी बोलून घ्याव्यात. हा बोनस पगार म्हणून करपात्र असतो, तर खासगी नोकरीतली ग्रॅच्युइटी कायद्याने ठरवलेल्या 20 लाखांच्या मर्यादेपर्यंत करमुक्त असते. त्यामुळे 2.4 लाखांना 2.4 लाख ही बरोबरी उमेदवाराच्या हातात पडताना थोडी कमी भरते. तो हे विचारेल. विचारलं नाही तरी सांगावं. दुसरी खाच परतीच्या अटीची. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर बोनस परत, अशी अट बहुधा असते. पण परत करायची ती कर कापण्याआधीची रक्कम की हातात आलेली, आणि दहा महिने राहिला तर पूर्ण की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हे पत्रात लिहिलेलं नसेल तर भांडण ठरलेलं.

कौशल्याचा प्रश्न जास्त नाजूक आहे. सिम्युलेशनसाठी मूळ पगार वाढवला तर आठ वर्षांचा डिझायनर म्हणणार, माणूस माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान आणि पगार माझ्यापेक्षा जास्त. पण ज्याला हे काम येतं आणि जो ते करतो त्याला महिना 5 हजार, असा कौशल्य भत्ता ठेवला तर तो भत्ता त्या कामाला मिळतो, व्यक्तीला नाही. ते शिकायची वाट आतल्या लोकांनाही खुली राहते. अट एकच, वाट खरी असली पाहिजे. प्रशिक्षणाची तारीख, सॉफ्टवेअरचं लायसन्स आणि परीक्षा कोण घेणार, एवढं ठरलेलं हवं. नाहीतर हा भत्ता म्हणजे एका माणसासाठी शोधलेली पळवाट आहे, हे शॉप फ्लोअरवर दोन दिवसांत ओळखलं जातं.

मॅडमनी मांडलेली ऑफर अशी: वार्षिक 12.4 लाख, वर 60 हजार कौशल्य भत्ता, एकूण 13 लाख, आणि 2.4 लाख जॉइनिंग बोनस. पहिल्या वर्षी 15.4 लाख होतात, त्याच्या मागणीला जवळजवळ टेकतात. कायमची वाढ मात्र 11.4 वरून 13 लाख, म्हणजे 14 टक्के.

अर्थात त्याने लगेच विचारलं, "आणि दुसऱ्या वर्षी?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. "बघू, तुम्ही चांगलं काम केलंत तर" हे उत्तर सगळ्यात वाईट, कारण ते आठ महिन्यांनी राजीनामा बनून परत येतं. पहिल्या वर्षीचा 15.4 आणि दुसऱ्या वर्षीचा पगार शेजारी शेजारी कागदावर लिहून दाखवावेत. मॅडमनी तेच केलं आणि सांगितलं, "पुढच्या वर्षीची वाढ सगळ्यांसारखीच होईल, तुमच्यासाठी वेगळी सहामाही समीक्षा मी कबूल करणार नाही. वरच्या ग्रेडचं काम हाती आलं तर वरच्या ग्रेडचा पगार. ते काम कोणतं, हे आजच दाखवते." आतल्या चौघांच्या पगाराचा उल्लेख त्यांनी केला नाही. "इतरांना एवढं नाही" हे कारण उमेदवाराला देऊच नये. तो त्याचा प्रश्न नाही, आणि ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की ही कंपनी जुन्या माणसांना कमी देते.

पण तो कंपनीचा प्रश्न आहे. ऑफर बँडच्या आत राहिली तरी आठ वर्षांचा माणूस 11.2 वर आणि सात वर्षांचा 12.4 वर, हे टिकत नाही. तिथे नवा माणूस महाग नाही, जुना मागे राहिला आहे. बाजार वरती गेला आणि आतली वाढ दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी होत राहिली. म्हणून या भरतीच्या मंजुरीच्या कागदावरच आणखी दोन ओळी आल्या: 11.2 चे 12.4 आणि 12.1 चे 12.7 लाख. वर्षाला 1.8 लाखांचा जादा खर्च. हाच हिशेब 15.5 लाख देऊन केला असता, तर त्याच न्यायाने या दोघांना 15.5 आणि 15.8 वर न्यावं लागलं असतं, म्हणजे वर्षाला 8 लाख. प्लांट हेडना 15.5 स्वस्त वाटले होते, कारण हे 8 लाख कुठे लिहिलेच नव्हते.

नऊ वर्षांच्या डिझायनरच्या बाबतीत कायद्याची बाजूही आहे. सारख्या कामासाठी स्त्री-पुरुष म्हणून वेतनात भेद करता येत नाही, हे 1976 च्या समान वेतन कायद्यात होतं आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे. नव्या पुरुषाला तिच्यापेक्षा जास्त द्यायचं असेल, तर त्याचं कामाशी जोडलेलं कारण आधीच फाइलमध्ये असायला हवं. इथे भत्त्यामुळे ते आहे, आणि प्रशिक्षणाच्या पहिल्या तुकडीत तिचं नाव आहे.

आतल्या दोघांची पत्रं कधी द्यायची, यावर बरंच अवलंबून असतं. नवा माणूस रुजू होऊन बातमी फुटल्यावर पत्र दिलं, तर ती वाढ भांडून मिळवलेली ठरते आणि उरलेले दोघे भांडायला शिकतात. इथे उमेदवाराची नोटीस 90 दिवसांची होती. तेवढा वेळ हाताशी होता. राजीनामा स्वीकारला गेल्याची प्रत त्याने पाठवली त्याच महिन्यात दोघांना बोलावून पत्रं दिली गेली. बाजाराशी ताडून तुमचा पगार मागे पडलेला दिसला, तो दुरुस्त केला आहे, एवढंच सांगितलं. नव्या दोघांना वाढ नव्हती. त्यांना बँडचा कागद दाखवून ते त्यात कुठे आहेत आणि कोणत्या अनुभवाला कोणता टप्पा येतो, ते समजावलं.

हे सगळं होकारानंतरचं. त्याआधी, ऑफर ऐकल्यावर उमेदवाराने दोन दिवस मागून घेतले आणि आणखी 40 हजार वाढवून मागितले. मॅडमनी पगार हलवला नाही. त्याची नोटीस महिनाभर लवकर संपवायची असेल तर तिची भरपाई कंपनी करेल, असं सांगितलं, कारण डायचा पहिला ट्रायल जवळ आला होता आणि हाही खर्च एकदाच होणारा होता. तेही त्याला पुरलं नसतं, तर यादीतल्या दुसऱ्या माणसाला फोन करायचं ठरलेलं होतं. त्याला सिम्युलेशन कमी येत होतं, मागणी 12 लाखांची होती. संध्याकाळी पाच वाजता पहिल्याचा होकार आला.