जर्मन की जपानी? अभियंत्याने परकीय भाषा निवडताना

अभियांत्रिकीची पदवी घेऊन दोन-चार वर्षे नोकरी झाली, की अनेक तरुणांना परकीय भाषेची आठवण होते. चाकणच्या कारखान्यात काम करणारा यंत्र अभियंता असो की हिंजवडीतील संगणक अभियंता, त्याच्यापुढे साधारणतः दोनच नावे येतात : जर्मन आणि जपानी. पुण्यात दोन्हींची सोय आहे. मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकता येते, तर विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दोन्ही भाषा शिकता येतात. तेव्हा निवड अनेकदा मित्र कोणत्या वर्गाला जातो किंवा कोणत्या वर्गाची वेळ सोयीची आहे, यावर होऊन जाते. दीड-दोन वर्षांनी मात्र हाती प्रारंभिक पातळीचे एक प्रमाणपत्र उरते आणि नोकरीत काहीच बदललेले नसते.

असे होण्याचे कारण बहुधा भाषेची चुकीची निवड हे नसते. नोकरीच्या दृष्टीने प्रत्येक भाषेला एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे थांबणाऱ्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. जर्मन आणि जपानी यांचे उंबरठे वेगवेगळ्या उंचीवर आहेत आणि त्यांच्यापलीकडे उघडणारी दारेही वेगळी आहेत. हा फरक आधी समजून घेतला, तर निवड बरीच सोपी होते.

उंबरठा किती उंच?

जर्मनच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा आहेत. नोकरीसाठी बी-१ ही उपयोगाची सुरुवात मानावी. बैठकीत बोलणे आणि तांत्रिक पत्रव्यवहार करणे यासाठी बी-२ हवी. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार बी-१ पर्यंत पोहोचण्यास ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, तर बी-२ साठी ६०० ते ८००.

जपानीच्या जेएलपीटी परीक्षेच्या पातळ्या एन-५ पासून एन-१ पर्यंत उलट्या क्रमाने चढतात. कंपन्यांना ज्या पातळीपासून खरा रस असतो ती एन-२. २०१० पूर्वीच्या जुन्या परीक्षेत एन-२ च्या जोडीच्या पातळीसाठी सुमारे १,००० चित्राक्षरे, ६,००० शब्द आणि ६०० तासांचा अभ्यास असा अधिकृत निकष होता. यातील ६०० तासांच्या आकड्यावर विसंबू नये. चित्राक्षरांची मुळीच ओळख नसलेल्या विद्यार्थ्याला प्रत्यक्षात त्याच्या दुपटीच्या आसपास वेळ लागताना दिसतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना पूर्णवेळ भाषा शिकवते. तिचा हिशेबही बोलका आहे : जर्मनसाठी सुमारे ३६ आठवडे, जपानीसाठी ८८.

मराठी माणसाला मात्र हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण आपण केवळ इंग्रजीच्या आधारावर शिकत नाही. जपानी वाक्याची रचना मराठीशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. ‘वाताशि वा पुणे नि सुन्दे इमासु’ या वाक्यात शब्दांचा क्रम ‘मी – पुण्यात – राहतो’ असाच आहे. क्रियापद शेवटी येते आणि ‘नि’ हा प्रत्यय आपल्या ‘त’प्रमाणे नामानंतर लागतो. इंग्रजीभाषकाला जे महिनोन्महिने अवघड जाते, ते आपल्याला पहिल्या काही आठवड्यांत अंगवळणी पडते. जर्मनमध्ये आपला फायदा निराळा आहे. तेथे मराठीसारखीच तीन लिंगे आहेत, त्यामुळे निर्जीव वस्तूला लिंग असते याचे आपल्याला नवल वाटत नाही. पुस्तक दोन्ही भाषांत नपुंसकलिंगी आहे. परंतु दिवा मराठीत ‘तो’, तर जर्मनमध्ये ‘ती’. म्हणून प्रत्येक नाम त्याच्या लिंगासह पाठ करण्यास पर्याय नाही.

थोडक्यात, जपानीत व्याकरण आपल्या बाजूने असते, अडवते ती लिपी. जर्मनमध्ये लिपी पहिल्या दिवसापासून वाचता येते, कस लागतो तो व्याकरणाचा. लिपीचा अडथळाही अभियंत्याला वाटतो तितका अंदाधुंद नसतो. ‘केन’ हे एकच चित्राक्षर ‘केन्सा’ म्हणजे तपासणी, ‘केन्शो’ म्हणजे पडताळणी आणि ‘तेन्केन’ म्हणजे यंत्राची नियमित पाहणी, या तिन्ही शब्दांत येते. गुणवत्ता विभागात काम करणाऱ्याला अशी काही शेकडा चित्राक्षरे रोजच्या कागदांत पुनःपुन्हा भेटतात. शिवाय बोल्ट, बेअरिंग, टॉर्क असे इंग्रजीतून घेतलेले शब्द कातकाना लिपीत लिहिलेले असतात. ही लिपी महिन्याभरात वाचता येऊ लागते.

एक उदाहरण

सत्तावीस वर्षांचा एक यंत्र अभियंता कल्पू या. चार वर्षांचा अनुभव, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, इंग्रजी बी-२ पातळीचे. शनिवार-रविवारचा वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून तो आठवड्याला आठ तास देऊ शकतो. सणवार आणि कारखान्यातील धावपळीचे दिवस वजा जाता वर्षाचे ४५ आठवडे, म्हणजे ३६० तास हाती येतात.

जर्मन घेतल्यास तो सव्वा ते दीड वर्षात बी-१ आणि सुमारे दोन ते अडीच वर्षांत बी-२ गाठू शकतो. जपानी घेतल्यास पहिल्या वर्षाअखेर तो एन-४ च्या आसपास असेल आणि एन-२ साठी तीन ते चार वर्षे धरावी लागतील. जेएलपीटी वर्षातून दोनदाच, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. एक संधी हुकली की सहा महिने जातात, हेही या हिशेबात धरावे.

आता या पातळ्यांचे त्याला काय मिळते ते पाहू. जर्मनीने जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्टे’ म्हणजे संधीपत्र सुरू केले. ते घेऊन एक वर्षापर्यंत तेथे राहून नोकरी शोधता येते. त्यासाठी मायदेशातील मान्यताप्राप्त पदवी, राहण्याच्या खर्चाची तरतूद आणि ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी या किमान अटी आहेत. पदवीला जर्मनीत पूर्ण समकक्षता मिळाली असेल तर गुणांचा प्रश्न येत नाही. अन्यथा सहा गुण लागतात. आपल्या अभियंत्याला पस्तिशीच्या आतील वयाचे दोन, गेल्या पाच वर्षांतील किमान दोन वर्षांच्या अनुभवाचे दोन आणि अभियांत्रिकी हे मनुष्यबळाच्या तुटवड्याचे क्षेत्र असल्याचा एक, असे पाच गुण मिळतात. म्हणजे केवळ इंग्रजीच्या बळावर तो एका गुणाने मागे राहतो. ए-२ जर्मनने एक गुण मिळून तो पात्र ठरतो आणि बी-१ ने दोन मिळून सुरक्षित अंतरावर जातो. पुढे नोकरी लागून ‘ब्लू कार्ड’ मिळाले, तर कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना ए-१ वर २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी-१ असल्यास २१ महिन्यांनी. जर्मनीत भाषेच्या प्रत्येक पायरीला अशी सरकारी कागदावर किंमत आहे.

जपानमध्येही उच्चकुशल व्यावसायिकांसाठी २०१२ पासून गुणपद्धती आहे. तेथे ७० गुण लागतात. आपल्या अभियंत्याला वयाचे १५, पदवीचे १०, अनुभवाचे ५ आणि वार्षिक ४० लाख येनच्या पगाराचे १० असे ४० गुण मिळतात. एन-२ चे १० धरले तर ५०, आणि एन-१ चे १५ धरले तरी ५५. इतर अतिरिक्त गुण नसतील, तर केवळ भाषेच्या जोरावर ही रेषा ओलांडता येत नाही. तो बहुधा अभियंत्यांसाठीच्या सर्वसाधारण व्हिसावर जाईल, आणि त्यासाठी आधी नोकरी देणारी कंपनी हवी. जपानीचे खरे वजन पडते ते येथे. बहुतेक जपानी कंपन्यांचे अंतर्गत काम जपानीतच चालते, म्हणून मुलाखतीत पहिला प्रश्न भाषेचा असतो.

कामावर भाषा कोठे लागते?

परदेशी न जाता येथेच राहायचे असेल, तर हिशेब आणखी बदलतो. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने आहेत, पण तेथील दैनंदिन काम इंग्रजी, हिंदी आणि मराठीतच होते. जर्मन सहकारी इंग्रजी सहज वापरतात. जर्मन उपयोगी पडते ती मूळ कागदपत्रांपाशी. ग्राहकाला काय हवे हे सांगणारा दस्तऐवज ‘लास्टेनहेफ्ट’ आणि ते आपण कसे पुरवणार हे सांगणारा ‘फ्लिख्टेनहेफ्ट’, हे दोन्ही मुळातून वाचणाऱ्याला रचना विभागात मान मिळतो. तरीही येथे जर्मन ही बहुधा जोडीची पात्रता ठरते, त्या एका गुणावर स्वतंत्र पद क्वचितच मिळते.

जपानीचे तसे नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘ब्रिज एसई’ नावाचे पदच आहे. जपानी ग्राहकाचे ‘शियोशो’ म्हणजे आवश्यकतांचे तपशीलपत्र वाचायचे, संदिग्ध जागी प्रश्न विचारायचे, येथील चमूला काम समजावायचे आणि दोष निघाल्यास त्याचा अहवाल जपानीत पाठवायचा, असे हे काम असते. यात शब्दांइतकाच सूर कळावा लागतो. ग्राहक ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’ म्हणाला आणि चमूने तो होकार समजून काम सुरू केले, तर पंधरा दिवसांची मेहनत वाया जाते, कारण अनेकदा तो सौम्य नकार असतो. हे ओळखणारा माणूस कंपनीला सहज मिळत नाही, म्हणूनच त्याला वेगळा मोबदला मिळतो.

येथेच प्रमाणपत्राची मर्यादाही उघड होते. जेएलपीटीमध्ये बोलण्याची परीक्षा नसते आणि लेखनाचीही नसते. सारे प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात. १८० पैकी ९० गुण आणि प्रत्येक विभागात किमान १९ मिळवून एन-२ उत्तीर्ण झालेला उमेदवार दूरध्वनीवर दोन वाक्ये बोलताना अडखळतो, हे मुलाखत घेणाऱ्यांच्या परिचयाचे दृश्य आहे. गोएथेच्या बी-१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चारही विभागांत प्रत्येकी ६० टक्के गुण लागतात, त्यामुळे तेथे ही फसगत कमी होते. जपानी शिकणाऱ्याने पहिल्या वर्षापासूनच बोलण्याचा सराव वेगळा ठेवावा. आपली तयारी जोखण्याची एक साधी कसोटीही आहे : दोषाविषयीचा एक पानी अहवाल घ्यावा, अर्ध्या तासात वाचावा आणि त्यावर तीन नेमके प्रश्न त्याच भाषेत लिहून पाहावेत. हे जमत असेल तर उंबरठा ओलांडला असे समजावे.

मग निवड कशी करावी?

ज्याला दोन-अडीच वर्षांत देश बदलायचा आहे, यंत्र किंवा विद्युत अभियांत्रिकीत काम करायचे आहे आणि मध्येच थांबावे लागले तरी हाती काही उरावे असे वाटते, त्याने जर्मन घ्यावी. तिच्या ए-२ आणि बी-१ या मधल्या पायऱ्याही वाया जात नाहीत. ज्याला येथे राहूनच भाषेच्या आधाराने वेगळे पद हवे आहे, किंवा ज्याची कंपनी आजच जपानी ग्राहकाचे काम करते, त्याने जपानी घ्यावी, पण चार वर्षांच्या तयारीने. एन-४ वर थांबण्याची शक्यता वाटत असेल, तर ती सुरूच न करणे शहाणपणाचे. आणि प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. आपल्याला हव्या असलेल्या पदाच्या दहा जाहिराती समोर ठेवून त्यांत कोणती भाषा आणि कोणती पातळी मागितली आहे, ते लिहून काढावे.