मार्चचं बिल, एप्रिलचा माल

मंडळी, बिल कोणत्या वर्षाच्या फाइलीत लावायचं, हे आपण त्यावरच्या तारखेवरून ठरवतो. माल कधी आला किंवा पैसे कधी दिले यावरून नाही. नेहमीच्या पद्धतीनं जीएसटी भरणारं रत्नागिरीतलं एक हार्डवेअरचं दुकान घेऊ. कोल्हापूरच्या व्यापाऱ्यानं ३० मार्च २०२४ ला बिल केलं आणि टेम्पो आंबा घाट उतरून २ एप्रिलला आला. बिल जाणार '२०२३-२४' मध्येच. पण माल हाती आल्याशिवाय खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून ती आपण एप्रिलच्या विवरणपत्रात घेतो. मग '२०२४-२५' च्या फाइलीत एक चिठ्ठी लावायची: "बिल मागच्या फाइलीत." चिठ्ठी नसली, की वजावट दोनदा तरी घेतली जाते, नाहीतर राहूनच जाते. राहिलेली मागायची मुदत बिलाच्या वर्षावरून मोजतात. इथे ती ३० नोव्हेंबर २०२४.

आणि फाइल रद्दीत कधी द्यायची? '२०२३-२४' च्या वार्षिक विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. तिथून ७२ महिने, म्हणजे २०३० अखेरपर्यंत ती ठेवायची. अपील किंवा चौकशी चालू असेल, तर त्याहूनही पुढे. ही तारीख आपण पुठ्ठ्यावर वर्षाखालीच लिहून ठेवू.