ईमेल, फोन आणि व्हॉट्सॲप: तीन वाटांनी एकच संवाद

श्रीपेरुंबुदूर (चेन्नई) : चेन्नई-बेंगळुरू महामार्गावरील या पट्ट्यात ह्युंदाईच्या मोटारींचे उत्पादन १९९८ मध्ये सुरू झाले आणि त्यामागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांची रांग उभी राहिली. या कारखान्यांच्या खरेदी विभागांकडे देशभरातील लहानमोठे पुरवठादार आपला माल घेऊन येतात. पुण्याजवळच्या भोसरी-चाकण परिसरातील उद्योजकही त्यांत असतात. पूर्वी अशी ओळख प्रत्यक्ष भेटीतून होई. आता ती ईमेलने सुरू होते, फोनवर पुढे सरकते आणि व्हॉट्सॲपवर मुरते. अडचण अशी, की या तीन वाटांनी एकाच वेळी, एकमेकींना न विचारता दार ठोठावले गेले तर समोरच्याला तो संपर्क न वाटता पिच्छा वाटतो.

उदाहरणादाखल भोसरीतील एक काल्पनिक कार्यशाळा घेऊ. ती सुट्या भागांची मापे तपासण्याचे गेज आणि फिक्स्चर बनवते. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यातील खरेदी अधिकाऱ्याला मालक सोमवारी ईमेल पाठवतात आणि सहा आठवड्यांत माल देण्याचे सांगतात. त्याच दुपारी विक्री सहायक फोन करतो आणि चार आठवडे म्हणतो. संध्याकाळी चेन्नईतील प्रतिनिधी व्हॉट्सॲपवर माहितीपत्रक टाकतो, त्यावर मुदतच नसते. तिघेही आपापल्या जागी तत्पर आहेत. अधिकाऱ्याच्या मनात मात्र एकच निष्कर्ष उरतो : या लोकांचे आपसात बोलणे नाही, मग मापांची अचूकता तरी कशी असेल? गेज विकणाऱ्याबद्दल अशी शंका येणे इतर कोणाहीपेक्षा महाग पडते.

उपाय साधा आहे आणि त्यासाठी महागडी संगणकप्रणाली लागत नाही. प्रत्येक ग्राहकामागे एकच नोंद आणि एकच जबाबदार व्यक्ती असावी. सामायिक तक्त्यात पाच रकाने पुरतात : तारीख, माध्यम, काय सांगितले, काय उत्तर आले, पुढचे पाऊल कोणाचे व कधी. किंमत आणि मुदत हे दोन आकडे फक्त या तक्त्यातूनच उचलायचे. नोंद वाचल्याशिवाय कोणीही फोन उचलायचा नाही, हा नियम पाळायला सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी.

त्यानंतर माध्यमांची कामे वाटून घ्यावी लागतात. ईमेल हा दस्तऐवज आहे. तो आत दुसऱ्याकडे पाठवता येतो, म्हणून मुदत, किंमत व तांत्रिक तपशील तिथेच असावेत. फोन प्रश्न विचारण्यासाठी. व्हॉट्सॲप हे माणसाच्या खाजगी खिशातले माध्यम. त्यावर परवानगीनंतरच, तीही छायाचित्र किंवा भेटीची वेळ अशा छोट्या कामापुरती, जागा मिळते.

भोसरीच्या कार्यशाळेने हेच काम नव्याने केले तर ते असे दिसेल. मंगळवारी सकाळी पाच वाक्यांचा ईमेल जातो. त्याच्या विषयओळीत कोणत्या भागासाठीचे गेज हे लिहिलेले असते आणि शेवटी एकच प्रश्न असतो : तपासणी गेजबाबत गुणवत्ता विभागात कोणाशी बोलावे? शुक्रवारी सकाळची उत्पादन बैठक आटोपली असेल अशा वेळी, अकराच्या सुमारास, फोन होतो. पहिल्याच वाक्यात मंगळवारच्या ईमेलचा उल्लेख आणि दोन मिनिटे आहेत का, ही विचारणा असते. फोन उचलला गेला नाही तर त्या दिवशी पुन्हा करायचा नाही. बोलणे झाले तर तासाभरात त्याच ईमेलच्या साखळीत तीन ओळींचा सारांश जातो, म्हणजे तोंडी सांगितलेले आणि लिहिलेले एकच राहते. गेजचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवू का, असे फोनवरच विचारलेले असते. होकार आला तरच ते जाते. पुढच्या आठवड्याच्या अखेरीस दरपत्रकाबद्दल एक फोन, आणि तरीही काही हालले नाही तर तिसऱ्या आठवड्यात शेवटचा ईमेल : सध्या हा विषय थांबवत आहोत, तीन महिन्यांनी विचारू. ‘आता गरज नाही’ असे उत्तर देणे सोपे जाईल अशीच त्याची भाषा असावी. नकार मिळाला तरी पुरवठादाराचा वेळ वाचतो.

या वेळापत्रकातील कळीचा नियम म्हणजे कोणत्याही एका माध्यमावर उत्तर आले की बाकी सर्व नियोजित संदेश थांबले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते. अधिकारी फोनवर ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणतो, ते सहायकाच्या वहीत राहते आणि ईमेल पाठवणारी प्रणाली तिसऱ्या दिवशी ‘आपले उत्तर मिळाले नाही’ असे आपोआप कळवून मोकळी होते.

नावांचाही प्रश्न आहे. तमिळनाडूत आडनाव लावण्याची रीत सर्वसाधारण नाही. नावाला जोडलेले आद्याक्षर बहुधा वडिलांच्या नावाचे असते. ‘मुरुगन एस.’ या नावाचा दुसरा भाग आडनाव समजून प्रणालीने ‘प्रिय एस’ असा मायना छापला तर पुढचे वाचायला कोणी थांबत नाही. मराठी माणसाला आडनावाने हाक मारण्याची सवय असल्याने ही चूक हातानेही होते. पोंगलच्या आठवड्यात दरपत्रकाची आठवण करून देणेही तितकेच विसंगत. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दुपारी असा फोन आला तर काय वाटेल, तेच तिथे वाटते.

अति होत आहे हे ओळखायचे कसे? उत्तरे एका शब्दावर येतात, फोन दुसऱ्या घंटीला कापला जातो, ‘मेल करा’ हे वाक्य दुसऱ्यांदा ऐकू येते. ईमेल उघडला गेला की नाही हे दाखवणाऱ्या खुणेवर मात्र विसंबू नये. ॲपलने २०२१ पासून आपल्या मेल ॲपमध्ये अशी सोय दिली आहे, की वापरकर्त्याने ईमेल वाचला नसला तरी त्यातील चित्रे आधीच उतरवली जातात आणि पाठवणाऱ्याला तो उघडल्यासारखा दिसतो. ‘तुम्ही माझा मेल पाहिलात’ अशी फोनची सुरुवात त्यामुळे चुकीची ठरू शकते. आणि खरी असली तरी पाळत ठेवल्यासारखी वाटते.

नियमांची चौकटही आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार नोंदणीविना साध्या दहा अंकी क्रमांकावरून नको असलेले जाहिरातवजा फोन किंवा लघुसंदेश करता येत नाहीत. त्याविरुद्ध १९०९ वर तक्रार होते. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीची मुदत तीनऐवजी सात दिवस झाली, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाईची पायरी गाठली जाते. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक प्रणालीचे नियम वेगळे : ग्राहकाच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तास मोकळेपणाने लिहिता येते, नंतर केवळ पूर्वमंजूर नमुन्यातील संदेश जातात. अनेकांनी क्रमांक अडवला की त्याची गुणवत्ता श्रेणी घसरते.