लाल रक्त दिसलं म्हणजे मूळव्याधच का?

(रेडिओवरील 'आरोग्याच्या गप्पा' या कार्यक्रमातील भाषण)

आजचा विषय गटाच्या बैठकीत कुणी मोठ्यानं काढत नाही. बैठक संपली, चपला घालायची वेळ आली की एखादी ताई हळूच बाजूला घेते आणि विचारते, "डॉक्टर, संडासला गेलं की रक्त पडतंय, मूळव्याध असेल ना?" नुसतं ऐकून मला हो म्हणता येत नाही. ते का, हेच आज सांगते.

आधी रक्त बघायचं कसं ते बोलू. दवाखान्यात कधी कधी डॉक्टर विचारतात, "कागदाला रक्त लागतं का?" आपण कागद वापरत नाही, पाणी वापरतो, म्हणून बायका "नाही" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. पाण्यानं धुतलं की थोडं रक्त वाहून जातं. उलट भांड्यातल्या पाण्यात चमचाभर रक्त पडलं तरी सगळं पाणी लाल दिसतं आणि घाबरायला होतं. पहाटे अंधारात बाहेर जावं लागत असेल तर काहीच दिसत नाही. म्हणून शंका असेल तर धुवायच्या आधी पांढऱ्या कापसाचा बोळा किंवा साधा मऊ कागद शौचाच्या जागेवर हलकेच टेकवा आणि उजेडात बघा. रंग कसा आहे, थेंब आहे की नुसती रेघ, बरोबर चिकट आव आहे का, हे तिथे कळतं. दुसरा फायदा असा, की रक्त मागून येतंय की पुढून, म्हणजे पाळीच्या जागेतून, तेही समजतं. पाळी जायच्या वयात पुष्कळ बायकांची इथेच गल्लत होते. पाळी गेल्यावर पुढून रक्त आलं तर त्यासाठीही लगेच तपासणी लागते, पण तो विषय वेगळा.

आता रक्त लालभडक का असतं? गुदद्वाराच्या आत, अगदी तोंडाशी, रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात. त्या सगळ्यांना असतात, तो आजार नव्हे. नळाला वायसर असतो तशा त्या जागा नीट बंद ठेवायला मदत करतात. बद्धकोष्ठ, रोजचं कुंथणं, गरोदरपणात पोटातल्या बाळाचा भार, यांनी या गाद्या फुगतात आणि खाली सरकतात. यालाच आपण मूळव्याध म्हणतो, आणि बाहेर आल्या की मोड म्हणतो. कडक शौच घासून गेलं की गादीवरची पातळ त्वचा सोलते आणि ताजं रक्त येतं. ते जागेवरच बाहेर पडतं, म्हणून लाल राहतं आणि शौचात मिसळत नाही. शौच झाल्यावर थेंब थेंब पडतं, कधी पिचकारीसारखंही उडतं.

मूळव्याधीच्या या रक्तस्रावात बहुतेक वेळा दुखत नाही. गुदद्वाराच्या आतल्या भागाला टोचल्याचं, कापल्याचं समजत नाही, बाहेरच्या कडेला मात्र फार समजतं. म्हणून आतला मोड न दुखता रक्त देतो. शौचाच्या वेळी काच कापल्यासारखं दुखत असेल, नंतर तासभर आग होत असेल आणि रक्ताची नुसती बारीक रेघ दिसत असेल, तर बहुधा ती मूळव्याध नसून कडेला पडलेली चीर असते. दवाखान्यात तिला फिशर म्हणतात. बाळंतपणानंतर हे खूप दिसतं. एक ओली बाळंतीण दुखण्याच्या भीतीनं चार-चार दिवस संडासला जायची नाही. तेवढ्यात शौच आणखी कडक व्हायचं, चीर पुन्हा फाटायची, आणि ती पुन्हा घाबरायची. तिला शौच मऊ करायचं औषध आणि टबात कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीन वेळा 10 ते 15 मिनिटं बसणं, एवढ्यावर काही आठवड्यांत आराम पडला. तिच्या सासूबाई म्हणत होत्या, बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं. ते मी आधी बंद करायला सांगितलं.

आता दुसरी बाजू. माझ्याकडे आलेल्या एका काकूंची गोष्ट सांगते. वय 47, शेतमजुरी करणाऱ्या. त्यांना आठ महिने लाल रक्त जात होतं, दुखत काहीच नव्हतं. सुरुवातीला एका ठिकाणी दाखवलं. तिथे न तपासताच मूळव्याधीच्या गोळ्या आणि मलम मिळालं. चार दिवस रक्त थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मग थकवा आला, चढ चढताना दम लागू लागला. हिमोग्लोबिन 7 निघालं. कुणी म्हणालं, पाळीमुळे असेल, आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी शौच काळपट झालं, त्यामुळे रक्ताचा रंग आणखीच कळेना. लोहाच्या गोळीनं शौच काळं होणं साधं आहे, पण गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं शौच झालं तर ते पोटात वरच्या बाजूला झालेलं रक्त असू शकतं. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

माझ्याकडे आल्यावर मी काकूंना रक्ताबद्दल न विचारता संडासबद्दल विचारलं. पूर्वी रोज सकाळी एकदा जायच्या, आता दिवसातून पाच-सहा वेळा. जाऊन आलं तरी पोट साफ झालं नाही असं वाटतं, पुन्हा बसावंसं वाटतं, आणि बसल्यावर थोडी आव आणि रक्त एवढंच पडतं. लुगडं कमरेला सैल होऊ लागलंय. मैत्रिणींनो, मूळव्याध एवढं करत नाही. मूळव्याधीत रक्त जातं, मोड येतो, खाज येते, पण संडासची वर्षानुवर्षांची सवय बदलत नाही आणि वजन उतरत नाही. मी काकूंना डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले, वर चादर घातली आणि हातमोजा घालून, जेली लावून बोटानं तपासलं. आत एका बाजूला खडबडीत, कडक गाठ लागली. मोडाची गादी बोटाला मऊ असते, कित्येकदा लागतही नाही. कडक गाठ म्हणजे तुकडा काढून तपासायलाच हवा. तपासणीत गुदाशयाचा कॅन्सर निघाला. आधी किरणोपचार आणि औषधं, मग ऑपरेशन झालं. आता त्या ठरल्या तारखांना तपासणीला जातात आणि हलकी कामं करतात. पहिल्या महिन्यात बोट घातलं असतं तर गाठ कदाचित पुष्कळ लहान सापडली असती.

या गोष्टीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. काकूंचं रक्तही लालच होतं, कारण गाठ खाली, तोंडाजवळ होती. "काळं रक्त वाईट आणि लाल रक्त साधं" हा हिशेब इथे चुकतो. मोठ्या आतड्यात वर गाठ असेल तर रक्त गडद होतं, शौचात मिसळतं, किंवा डोळ्यांना दिसतच नाही आणि फक्त पंडुरोग वाढत जातो. आणि काकूंना दुखत नव्हतं. दुखणं नसलं की आपण अंगावर काढतो, पण गाठही सुरुवातीला दुखत नाही. आणखी एक सांगते. जिला खरोखर मूळव्याध आहे तिलाही आत गाठ असू शकते. मोड दिसला म्हणजे पुढचं बघायची गरज संपली, असं होत नाही.

बोटानं साधारण 7-8 सेंटीमीटरपर्यंतच कळतं. म्हणून वय 40च्या पुढे असेल, सवय बदलली असेल, आव-रक्त मिसळून येत असेल, वजन किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल, किंवा आई-वडील, भावंडांत कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर दुर्बिणीची तपासणीही विचारून घ्या. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध देऊन पोट साफ करतात. बायका तपासणीला घाबरतात, पण खरा त्रास या जुलाबाचाच होतो. कमी वय म्हणून निर्धास्त राहू नका. तरुण मुलीला आठवडे-आठवडे पातळ, आव-रक्ताचे जुलाब होत असतील तर ती मूळव्याध नव्हे. जंतुसंसर्ग असेल किंवा आतड्याला सूज असेल, तिचे उपचार वेगळे असतात. आणि वय कितीही असो, रक्ताच्या गुठळ्या पडल्या, चक्कर आली, घाम फुटला, तर उद्यापर्यंत थांबायचं नाही.

तपासून मूळव्याधच आहे असं ठरलं, तर बहुतेकींना ऑपरेशन लागत नाही. जेवणात भाजी, सालासकट डाळी आणि भाकरी वाढवायची. रात्री एक-दोन चमचे इसबगोल पूर्ण पेलाभर पाण्यातून घ्यायचं. पाणी कमी घेतलं तर तेच इसबगोल आत घट्ट बसतं. संडासात मोबाईल घेऊन बसायचं नाही, आणि कळ आली की दाबून ठेवायची नाही. शेतात, बाजारात आडोसा नसतो म्हणून आपण दाबतो, हे मला माहीत आहे. म्हणून शक्य असेल तर घरातून निघण्याआधीची वेळ ठरवा. एवढ्यानं थांबलं नाही तर रबरी कडी लावून मोड वाळवतात, ते बाहेरच्या बाहेर होतं. 'बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात मुळासकट' अशा पाट्या रस्त्याकडेला दिसतात, तिथे मात्र जाऊ नका. चुकीच्या जागी चुकीचं औषध टोचलं की जागा जळते, पू होतो, आणि गुदद्वार आकसून बसतं. शिवाय तिथे कुणी गाठ शोधत नाही.

परवा एका ताईंनी विचारलं, "आमच्या दवाखान्यात बाईडॉक्टर नाहीत, मग काय करायचं?" पुरुष डॉक्टर असले तर नर्सताईंना जवळ थांबवा असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, सोबत नणंद-जाऊ असली तरी चालते. तपासणी मिनिटभराची असते. दवाखान्यात गेल्यावर "मूळव्याध झालीय" असं म्हणू नका, नाहीतर मूळव्याधीच्या गोळ्याच हातात येतील. म्हणा, "डॉक्टरसाहेब, दोन महिने मागून लाल रक्त जातंय, आतून तपासून बघा." उपजिल्हा रुग्णालयात सर्जन कुठल्या वारी बसतात ते आशाताईंना विचारून ठेवा. कॅन्सरच निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांच्या टेबलाशी जायचं.